औरंगाबाद दोन, ओळी चार

२०११ च्या जनगणनेत औरंगाबाद नावाचे दोन जिल्हे होते. महाराष्ट्रातल्या औरंगाबादची लोकसंख्या ३७,०१,२८२ आणि बिहारमधल्या औरंगाबादची २५,४०,०७३. दोन्हींची बेरीज ६२,४१,३५५ होते. हीच जनगणना दुसऱ्या एखाद्या तक्त्याला, म्हणजे समजा जिल्हावार सरकारी रुग्णालयांच्या यादीला, फक्त जिल्ह्याच्या नावावरून जोडली, तर अहवालात औरंगाबादची लोकसंख्या १,२४,८२,७१० दिसते. मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांची मिळून त्या वर्षीची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. म्हणजे मराठवाडा आणि दक्षिण बिहारमधले दोन जिल्हे मिळून कागदावर अख्ख्या मुंबईच्या पुढे जातात.

यात आकडा कोणी चुकीचा टाइप केलेला नसतो आणि बेरजेचे सूत्रही बरोबर असते. संगणक कसलीही सूचना देत नाही, पडद्यावर लाल अक्षर उमटत नाही. चूक असते ती दोन तक्ते कोणत्या रकान्यावरून जोडायचे या एका निवडीत. कचेऱ्यांत, बँकांत, कारखान्यांत, वृत्तपत्रांच्या आकडेवारीत फुगलेल्या बेरजा ज्या कारणांनी निर्माण होतात, त्यांतले हे फार नेहमीचे कारण आहे आणि ते नीट समजून घ्यायला गणिताचे शिक्षण लागत नाही.

आधी तक्ते वेगवेगळे का ठेवतात ते पाहू. जनगणनेच्या तक्त्यात एका ओळीत एक जिल्हा आणि त्याची लोकसंख्या असते. रुग्णालयांचा तक्ता वेगळ्या खात्याने केलेला असतो. त्यात जिल्हा आणि रुग्णालयांची संख्या असते. दर लाख लोकांमागे किती रुग्णालये, हे काढायचे तर दोन्ही तक्ते शेजारी आणावे लागतात. या कामाला जॉइन म्हणतात. संगणकाला सांगायचे एवढेच, की या तक्त्यातला अमुक रकाना आणि त्या तक्त्यातला तमुक रकाना सारखे असतील तिथे ओळी जोड. माहितीसाठ्याला प्रश्न विचारायची जी भाषा सर्वत्र वापरतात, त्या एसक्यूएलमध्ये ते असे लिहितात:

```sql
SELECT SUM(c.population)
FROM census c
JOIN hospitals h ON c.district = h.district;
```

या सूचनेचा अर्थ बहुतेक माणसे मनात असा लावतात: जनगणनेतल्या प्रत्येक जिल्ह्यासाठी रुग्णालयांच्या यादीतली त्याची ओळ शोध आणि पुढे लाव. पण सूचनेत ‘त्याची ओळ’ असे कुठेही म्हटलेले नाही. संगणक पहिल्या तक्त्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीशी ताडून पाहतो आणि अट जुळेल तितक्या वेळा जोडी लिहितो. पुण्याला जुळणारी एकच ओळ सापडते, म्हणून पुणे एकदा येते. ‘औरंगाबाद’ला मात्र दोन ओळी जुळतात, आणि जनगणनेतही औरंगाबाद दोन असल्याने प्रत्येकाला त्या दोन्ही मिळतात. निकाल असा येतो:

```
district     census_state   hospital_state   population
Aurangabad   Maharashtra    Maharashtra      3701282
Aurangabad   Maharashtra    Bihar            3701282
Aurangabad   Bihar          Maharashtra      2540073
Aurangabad   Bihar          Bihar            2540073
```

या चारांतल्या पहिल्या आणि शेवटच्या ओळी खऱ्या. मधल्या दोन ओळींत महाराष्ट्राची माणसे आणि बिहारची रुग्णालये, बिहारची माणसे आणि महाराष्ट्राची रुग्णालये अशी जोडी लागली आहे. असे जिल्हे जगात नाहीत. तरी बेरीज करणाऱ्या सूचनेला चारही ओळी सारख्याच. ती ३७ लाख दोनदा मोजते आणि २५ लाखही दोनदा मोजते.

नियम साधा आहे. एखादे मूल्य डावीकडे जितक्या वेळा असेल आणि उजवीकडे जितक्या वेळा असेल, त्या दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे निकालातल्या त्या मूल्याच्या ओळी. एकाला एक असेल तर एक. एकाला पाच असतील तर पाच, आणि डावीकडचा आकडा पाचपट. दोनाला दोन असतील तर चार. संख्या वाढू लागल्या की हा गुणाकार बेरजेच्या मागे धावत नाही, तो फार पुढे निघून जातो.

औरंगाबाद एकटे नाही. बिलासपूर छत्तीसगडमध्ये आहे आणि हिमाचल प्रदेशातही. हमीरपूर हिमाचलात आणि उत्तर प्रदेशात, प्रतापगढ उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात. २०११ मध्ये विजापूर कर्नाटकात होते आणि बिजापूर छत्तीसगडमध्ये. जनगणनेच्या इंग्रजी फाइलींत दोघांचे स्पेलिंग एकच. कोकणातल्या रायगडचे आणि छत्तीसगडमधल्या रायगढचेही तसेच. या सहा नावांखालचे बारा जिल्हे नावाने जोडले तर चोवीस ओळी होतात आणि देशाच्या लोकसंख्येत सुमारे २ कोटी १५ लाख माणसे नव्याने जन्माला येतात. देशाची सुमारे १२१ कोटींची बेरीज १२३ कोटींच्या आसपास दिसते.

खरा धोका इथेच आहे. १२१ च्या जागी २४२ आले असते तर कोणीही थांबले असते. १२३ वर नजर अडत नाही. जनगणनेनंतर वाढ झाली असेल असे समजून माणूस पुढे जातो. शिवाय ताळा म्हणून कोणी पुणे पाहिले, नाशिक पाहिले, सोलापूर पाहिले, तर सगळे आकडे अचूक निघतात. नमुना तपासणीत सहाशेचाळीस जिल्ह्यांतले नेमके हे बारा हाती लागण्याची शक्यता कमी. ज्या ओळी बिघडलेल्या असतात त्या थोड्या असतात आणि बाकी सगळा तक्ता त्यांच्या खरेपणाची ग्वाही देत उभा असतो.

ही गोष्ट संगणकशास्त्राला पहिल्यापासून ठाऊक आहे. तक्त्यांच्या रूपात माहिती साठवण्याची आजची पद्धत ज्या निबंधातून आली, तो आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातच त्यांनी पुरवठादार, सुटे भाग आणि प्रकल्प यांचे उदाहरण घेतले होते. एका तक्त्यात कोणता पुरवठादार कोणता भाग पुरवतो याच्या तीन ओळी, दुसऱ्यात कोणता भाग कोणत्या प्रकल्पाला लागतो याच्या तीन ओळी. भागाच्या क्रमांकावरून ते जोडले की पाच ओळी होतात. कारण एक भाग दोन पुरवठादारांकडून येतो आणि दोन प्रकल्पांना जातो. कोणत्या पुरवठादाराचा माल कोणत्या प्रकल्पाला गेला, हे या दोन तक्त्यांत लिहिलेलेच नाही. म्हणून जोडणी सगळ्या शक्यता मांडून ठेवते. दोन्ही बाजूंना एकाहून अधिक सोबती असलेल्या अशा मूल्याला कॉड यांनी संदिग्धतेचा बिंदू म्हटले. आपल्या उदाहरणात ‘औरंगाबाद’ हे नाव तसा बिंदू आहे. जोडलेल्या तक्त्यातली जास्तीची ओळ ही फक्त शक्यता असते आणि बेरीज तिला घडलेली गोष्ट मानते.

जिल्ह्यांच्या नावात घोळ आहे, हे एकदा कळले की माणूस सावध होतो. व्यवहारातल्या हिशेबात मात्र जोडणीचा रकाना दिसायला निर्दोष असतो, आणि तिथे फुगवटा अधिक मोठा असतो. समजा, कापडाच्या एका घाऊक पेढीवर एका दुकानदाराच्या नावे तीन बिले आहेत: १०,००० रुपये, १५,००० रुपये आणि ५,००० रुपये. एकूण विक्री ३०,०००. त्याच्याकडून दोन पावत्यांनी पैसे जमा झाले: १०,००० आणि १२,०००. एकूण जमा २२,०००. येणे ८,००० रुपये. पेढीचा लेखनिक वहीत हे अर्ध्या मिनिटात काढील.

आता हाच हिशेब संगणकावर करताना बिलांचा तक्ता आणि पावत्यांचा तक्ता ग्राहक क्रमांकावरून जोडला. ग्राहक क्रमांक एकमेव आहे, त्यात नावाचा गोंधळ नाही. पण तो एकमेव आहे ग्राहकांच्या यादीत. बिलांच्या तक्त्यात तो तीनदा आहे आणि पावत्यांच्या तक्त्यात दोनदा. तीन गुणिले दोन, सहा ओळी. प्रत्येक बिल दोनदा आले, कारण पावत्या दोन. विक्री झाली ६०,०००. प्रत्येक पावती तीनदा आली, कारण बिले तीन. जमा झाली ६६,०००. येणे उणे ६,०००. ज्या दुकानदाराकडून आठ हजार यायचे आहेत, त्यालाच पेढी सहा हजार देणे लागते असा अहवाल तयार झाला.

इथे दोन्ही बाजू फुगल्या, पण सारख्या पटीने नाही. विक्री दुप्पट, जमा तिप्पट. म्हणून एकूण बेरजेला दोनाने भागले की झाले, असा उपाय चालत नाही. दर ग्राहकाची पट वेगळी: एकाची बिले वीस आणि पावत्या चार, दुसऱ्याचे बिल एक आणि पावती एक. मोठे, नियमित ग्राहक सर्वांत जास्त फुगतात, लहान ग्राहक अचूक राहतात. आणि ज्याने अजून एक रुपयाही दिलेला नाही, त्याच्या नावे पावतीच नसल्यामुळे साध्या जोडणीत तो निकालातून पूर्ण गायब होतो. एकीकडे आकडे वाढतात, दुसरीकडे गळतात. कधी कधी या दोन चुका एकमेकींना झाकतात आणि एकूण बेरीज खऱ्या आकड्याच्या आसपास येऊन थांबते. अशा अहवालाइतका फसवा अहवाल दुसरा नाही.

मग जोडणी बिल क्रमांकावरून करावी, हे उघड आहे. पण तेवढ्यानेही काम संपत नाही. १५,००० चे बिल दुकानदाराने दोन हप्त्यांत भरले असेल तर बिल क्रमांक पावत्यांच्या तक्त्यात दोनदा येईल आणि ते बिल पुन्हा दोनदा मोजले जाईल. रकाना बरोबर, तरी ओळ दुप्पट. इथे प्रश्न रकान्याच्या नावाचा राहत नाही. प्रत्येक तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमके काय, हे ठरवावे लागते. एका तक्त्यातली ओळ म्हणजे एक बिल, दुसऱ्यातली ओळ म्हणजे पैशाचा एक हप्ता. बिलाची रक्कम हप्त्यांच्या ओळीवर चिकटवून तिची बेरीज करायची नसते.

यावरचा खात्रीचा उपाय जुन्या खतावणीसारखाच आहे: आधी ज्याची त्याची बेरीज, मग जोडणी. पावत्यांच्या तक्त्यातून ग्राहकामागे एकच ओळ होईल अशी बेरीज करून घ्यायची, बिलांच्या तक्त्यातूनही तशीच, आणि मग त्या दोन आटोपशीर तक्त्यांना जोडायचे. आता दोन्ही बाजूंना ग्राहक एकेकदाच आहे. ३०,००० एका बाजूला, २२,००० दुसऱ्या बाजूला, येणे ८,०००. पैसे न दिलेल्या ग्राहकासाठी लेफ्ट जॉइन वापरायचा, म्हणजे पावती नसली तरी त्याची ओळ राहते. त्याच्या जमेच्या रिकाम्या जागी शून्य मानायचे.

बरेच लोक मात्र दुसरीच वाट धरतात. ओळी दोनदा आलेल्या दिसल्या की `DISTINCT` हा शब्द लिहून ‘डुप्लिकेट’ काढून टाकतात. औरंगाबादच्या चार ओळींवर तो लावून पाहावा: चारही ओळींत काही ना काही वेगळे आहे, त्यामुळे एकही ओळ जात नाही. `SUM(DISTINCT population)` लिहिले तर औरंगाबादचा आकडा योगायोगाने बरोबर येतो, कारण दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वेगवेगळी आहे. पण हीच युक्ती बिलांवर लावली आणि दुकानदाराची ५,००० ची दोन खरी बिले असली, तर त्यांतले एक बिल बेरजेतून नाहीसे होते. पाच हजार रुपयांची विक्री गेली आणि कोणाला कळलेही नाही. अहवालात `DISTINCT` विनाकारण दिसला की तो चुकीची जोडणी झाकायला बसवला आहे का, हे तपासावेच.

एक्सेलवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना ही चूक विशेष गाठते, आणि त्याला कारण आहे. एक्सेलचे `VLOOKUP` हे सूत्र नेमके नाव शोधायला सांगितले की वरून खाली पाहत जाते आणि पहिली जुळणारी ओळ सापडताच थांबते. त्यामुळे त्यात ओळी कधीच वाढत नाहीत. औरंगाबादला ते जी पहिली ओळ सापडेल ती दोघांनाही लावते. बेरीज फुगत नाही, पण एका जिल्ह्याला दुसऱ्याची रुग्णालये मिळतात. त्या सवयीचा माणूस पॉवर क्वेरीत किंवा एसक्यूएलमध्ये येतो तेव्हा जोडणी म्हणजे शेजारी एक रकाना वाढणे, अशी त्याची समजूत असते. इथे ओळीही वाढतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

चूक ओळखायची कशी? जोडण्यापूर्वी दोन्ही तक्त्यांना एकेक प्रश्न विचारायचा: ज्या रकान्यावरून जोडणार आहोत, त्यात कोणते मूल्य एकाहून अधिक वेळा आले आहे?

```sql
SELECT district, COUNT(*)
FROM census
GROUP BY district
HAVING COUNT(*) > 1;
```

उत्तर रिकामे आले तर ती बाजू स्वच्छ. निदान एक बाजू स्वच्छ असल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि ज्या बाजूच्या रकमेची बेरीज करायची आहे तिच्या समोरची बाजू स्वच्छ असलीच पाहिजे. दुसरी खूण ओळींच्या मोजणीची: जनगणनेत ६४० ओळी होत्या, जोडल्यावर ६५२ झाल्या, तर त्या बारा कुठून आल्या हे सांगता आले पाहिजे. तिसरी सर्वांत जुनी: जोडण्याआधी एकाच तक्त्यातून काढलेली बेरीज कागदावर लिहून ठेवायची आणि जोडल्यानंतरच्या बेरजेशी ताडायची. पायथन भाषेतल्या पांडास या साधनात जोडणी करतानाच `validate="one_to_one"` असे लिहून ठेवता येते. एखादे मूल्य दोनदा आढळले तर जोडणी तिथेच थांबते आणि चूक दाखवते.

पण नुसत्या ओळी मोजून निश्चिंत होऊ नये, आणि औरंगाबादनेच ते दाखवून दिले आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. बिहारचे औरंगाबाद औरंगाबादच राहिले. आता २०११ ची जनगणना आणि नाव बदलल्यानंतरची रुग्णालयांची यादी नावावरून जोडली तर काय होईल? जनगणनेत औरंगाबाद दोन, यादीत एकच, बिहारचे. दोन गुणिले एक, दोन ओळी. या नावाच्या ओळींची संख्या तंतोतंत बरोबर आणि लोकसंख्येची बेरीजही बरोबर. फक्त मराठवाड्यातल्या ३७ लाख लोकांसमोर बिहारमधली रुग्णालये उभी आहेत, ती एकूण दोनदा मोजली गेली आहेत, आणि छत्रपती संभाजीनगरची रुग्णालये जनगणनेत नाव नसल्याने बाहेर पडली आहेत. ही चूक पकडायची तर दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडाव्या लागतात, आणि कोणत्या बाजूच्या कोणत्या ओळी बिनजोड राहिल्या त्यांची यादी काढावी लागते.

नावाऐवजी क्रमांक वापरला की प्रश्न सुटतो, पण क्रमांकही पुरा हवा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यांना देशभर सलग क्रमांक दिले होते. महाराष्ट्रातल्या औरंगाबादचा ५१५ आणि बिहारमधल्याचा २३५. त्याआधीच्या २००१ च्या जनगणनेत मात्र प्रत्येक राज्यात जिल्ह्यांची मोजणी पुन्हा ०१ पासून सुरू होत असे. तेव्हा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश मिळून ३५ होते, म्हणजे ०१ क्रमांकाचे जिल्हेही ३५. २००१ चे दोन तक्ते राज्याचा क्रमांक सोडून फक्त जिल्हा क्रमांकावरून जोडले, तर एकट्या ०१ च्या १,२२५ ओळी तयार होतात. तिथे राज्य आणि जिल्हा असे दोन्ही रकाने मिळूनच एक ओळख होते. त्यांतला एक गाळला की उरलेला रकाना चुकीचा ठरतो.

जिल्ह्यापेक्षा खाली उतरावे तसा हा धोका वाढत जातो. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये. गावांच्या पातळीवर पिंपळगाव, वडगाव ही नावे किती तालुक्यांत भेटतील याला सुमार नाही. पीक नुकसान, पाणीटंचाई, घरकुले यांच्या गावनिहाय याद्या नावावरून जोडल्या की एका पिंपळगावचे लाभार्थी दुसऱ्या पिंपळगावच्या नावे चढतात आणि जिल्ह्याची बेरीज फुगते.

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक राज्याला, जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे आणि ती यादी सर्वांसाठी खुली आहे. गावांच्या किंवा तालुक्यांच्या याद्या तयार करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने नावाच्या रकान्याशेजारी हा क्रमांक छापावा, आणि ज्यांच्या हाती बिनक्रमांकाची यादी येईल त्यांनी ती जोडायला घेण्याआधी क्रमांकाचा रकाना मागून घ्यावा.